चूर्ण, काढा आणि डॉक्टरांची गोळी: एकत्र घेताना काय घडतं आणि डॉक्टरांना नेमकं काय सांगायचं

मधुमेहाच्या गोळीचा डोस डॉक्टर तुमच्या रिपोर्टवरून ठरवतात. उपाशीपोटी साखर किती, जेवणानंतर किती, गेल्या तीन महिन्यांची सरासरी सांगणारं एचबीए१सी किती, हे पाहून गोळी अर्धी करायची की वाढवायची ते ठरतं. ब्लडप्रेशरचंही तसंच. आता त्या तीन महिन्यांत तुम्ही रोज सकाळी कारल्याचा रस घेत असाल, तर रिपोर्टमधला आकडा गोळी आणि रस या दोघांनी मिळून आणलेला असतो. डॉक्टरांना त्यातली फक्त गोळी ठाऊक असते. म्हणजे डोस ठरतो तो रसासकट, पण ठरवणाऱ्याला रसाचा पत्ता नसतो.

यातून धोक्याच्या तीन वेळा निर्माण होतात. रस सुरू करता तेव्हा, त्याचं प्रमाण बदलता तेव्हा, आणि तो अचानक बंद करता तेव्हा. तिसरी वेळ बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

डॉक्टर विचारतात, "दुसरं काही औषध चालू आहे का?" आणि पेशंट "नाही" म्हणतो. त्याला काही लपवायचं नसतं. मेथीची पूड, गुळवेलीचा काढा, ज्येष्ठमधाची कांडी हे त्याच्या लेखी औषध नसतंच, ते घरचं असतं. शिवाय डॉक्टर रागावतील ही धास्ती असते. पण शरीरात गेल्यावर घरचं आणि दुकानातलं असा भेद राहत नाही. मधुमेहात सर्वाधिक वापरलं जाणारं मेटफॉर्मिन हे औषधच मुळात गॅलेगा नावाच्या युरोपातल्या वनस्पतीतल्या रसायनाच्या अभ्यासातून पुढे आलं. वनस्पतीत गुण आहे असं मानायचं, तर तो गुण गोळीच्या कामात भर घालू शकतो किंवा आडवा येऊ शकतो हेही मानावं लागतं.

एक नमुना उदाहरण

हे कसं घडतं ते पाहण्यासाठी एक कल्पित पेशंट घेऊ. वय 64, मधुमेह दहा वर्षं, ब्लडप्रेशर पाच वर्षं. सकाळी नाश्त्याआधी ग्लिमेपिराइड 2 मिलिग्रॅम, दोन्ही जेवणांनंतर मेटफॉर्मिन 500, आणि सकाळी टेल्मिसार्टन 40. एचबीए१सी 7.1, प्रेशर 132/80. सगळं बरं चाललं आहे.

डिसेंबरात दोन गोष्टी सुरू होतात. सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींच्या सांगण्यावरून साडेसहाला उपाशीपोटी अर्धा पेला कारलं-जांभळाचा रस. आणि घसा धरला म्हणून दिवसातून दोनदा काढा: गुळवेल, सुंठ, मिरी आणि प्रत्येक वेळी एक चमचा ज्येष्ठमधाची पूड. घसा चार दिवसांत बरा होतो, पण काढा चालूच राहतो, कारण प्रतिकारशक्तीला चांगला.

दुसऱ्या आठवड्यापासून त्यांना सकाळी साडेअकराच्या सुमारास दरदरून घाम येऊ लागतो, हात थरथरतात, खा-खा सुटते. दोन बिस्किटं खाल्ली की बरं वाटतं. वय झालं, अशक्तपणा असेल, असं घरचे म्हणतात. त्या वेळी बोटातून साखर तपासली असती तर ग्लुकोमीटरवर 58 वगैरे आकडा दिसला असता. 70 च्या खाली साखर गेली की तिला हायपो म्हणतात, म्हणजे साखर धोकादायक पातळीवर उतरणं.

हे साडेअकरालाच का होतं? ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला ढोसून जास्त इन्सुलिन सोडायला लावतं. साखर मुळात किती आहे याचा फारसा विचार न करता ते हे काम करतं. गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांत तिचं रक्तातलं प्रमाण सर्वांत जास्त असतं. त्याच वेळी कारल्यातले घटक साखर आणखी खाली खेचत असतात. नाश्ता पचून गेलेला असतो आणि जेवणाला अजून तास-दीड तास असतो. दोन्ही जोर नेमके रिकाम्या वेळेत एकत्र येतात. ही गोष्ट नवी नाही. 1979 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात कारल्याची भाजी आणि ग्लिमेपिराइडच्याच कुळातली क्लोरप्रोपामाइड ही गोळी यांच्या परस्परपरिणामाची नोंद प्रसिद्ध झाली होती.

फक्त मेटफॉर्मिन घेणाऱ्याला असा त्रास क्वचित होतो, कारण ते इन्सुलिन वाढवत नाही. म्हणून "माझ्या शेजाऱ्याला कारल्याने काही झालं नाही" हे सांगून उपयोग नसतो. शेजारी कोणती गोळी घेतो हे आधी बघावं लागतं. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड, ग्लिबेनक्लामाइड, म्हणजे नावाची सुरुवात "ग्लि"ने होणाऱ्या या चार गोळ्या आणि इन्सुलिनची इंजेक्शनं, ही खरी जपायची मंडळी. मेथी, गुडमार, जांभळाच्या बियांची पूड, गुळवेल हे सगळे कमीअधिक प्रमाणात त्याच दिशेने ढकलतात. जोडीला किडनी कमजोर असेल तर गोळी शरीरात जास्त वेळ रेंगाळते आणि धोका वाढतो.

आता काढ्याकडे येऊ. फेब्रुवारीत तपासणीला गेल्यावर प्रेशर निघतं 156/94. पावलांवर किंचित सूज. डॉक्टर विचारतात, गोळी चुकली का, मीठ वाढलं का. दोन्हीचं उत्तर नाही. डॉक्टर जे करायला हवं तेच करतात: टेल्मिसार्टनच्या जोडीला लघवी वाढवणारी क्लोरथॅलिडोन 12.5 मिलिग्रॅम सुरू करतात. तीन आठवड्यांनी पेशंटच्या पोटऱ्यांत गोळे येतात, जिना चढताना मांड्या लटपटतात, छातीत धडधड होते. रक्तातलं पोटॅशियम 2.8 निघतं. ते साधारण 3.5 ते 5 असायला हवं. इतक्या खाली गेलं की हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

इथे गुन्हेगार ज्येष्ठमध आहे, आणि त्याची चाल समजून घेण्यासारखी आहे. आपल्या शरीरात कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक भरपूर असतं. किडनीत मीठ धरून ठेवण्याची जी यंत्रणा असते, ती कॉर्टिसॉलमुळेही सुरू होऊ शकते. तसं होऊ नये म्हणून किडनीतलं एक एन्झाइम कॉर्टिसॉलला तिथे पोचताच निकामी करतं. ज्येष्ठमधाला गोडी देणारा ग्लिसिरायझिन हा घटक पोटात गेल्यावर नेमकं हे एन्झाइम बंद पाडतो. पहारेकरी झोपला की कॉर्टिसॉल आत शिरतं, किडनी मीठ आणि पाणी साठवू लागते आणि पोटॅशियम लघवीवाटे सोडून देते. प्रेशर वाढतं, सूज येते, पोटॅशियम घसरतं. याच वेळी लघवीची गोळी सुरू झाली की तीही पोटॅशियम बाहेर काढते. दोघांनी मिळून केलेली ही घट आहे.

आणि हे सगळं साध्या प्रमाणात होतं. युरोपीय संघाच्या अन्नविषयक वैज्ञानिक समितीने ग्लिसिरायझिन दिवसाला 100 मिलिग्रॅमच्या वर नियमित जाऊ नये असं सुचवलं आहे. चहाचा सपाट चमचाभर पूड म्हणजे साधारण 3 ग्रॅम. मुळीत 4 टक्के ग्लिसिरायझिन धरलं तर एका चमच्यात 120 मिलिग्रॅम होतं. काढ्यात ते सगळं उतरत नाही, मुळीमुळीत प्रमाणही बरंच बदलतं. पण दिवसातून दोन चमचे, दोन महिने, हे प्रेशरच्या पेशंटसाठी नक्कीच जास्त आहे. घसा बसला म्हणून दोन-तीन दिवस कांडी चघळणं वेगळं आणि रोजचा काढा वेगळा.

आता कल्पना करा, फेब्रुवारीतच पेशंटने सांगितलं असतं, "डिसेंबरपासून रोज दोन चमचे ज्येष्ठमध आणि सकाळी कारल्याचा रस घेतोय." डॉक्टरांनी ज्येष्ठमध थांबवायला सांगितलं असतं, पोटॅशियम तपासलं असतं आणि दोन-तीन आठवड्यांनी प्रेशर पुन्हा मोजलं असतं. ज्येष्ठमधाचा परिणाम बंद केल्यावरही आठवडा-दोन आठवडे टिकू शकतो, म्हणून इतकं थांबावं लागतं. नवी गोळी बहुधा लागलीच नसती. साडेअकराच्या घामाचं कारणही तिथल्या तिथे कळलं असतं, आणि रस हवा असेल तर ग्लिमेपिराइड कमी, किंवा गोळी तशीच आणि रस बंद, असा सरळ निर्णय झाला असता.

या उदाहरणाला आणखी एक शेपूट आहे. हायपो होतो म्हणून डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड 2 वरून 1 केली. नंतर उन्हाळ्यात कारली कडू आणि महाग झाली, कंटाळाही आला, आणि रस आपोआप सुटला. दोन महिन्यांनी उपाशीपोटी साखर 190. पथ्य मोडल्याचा आळ बिचाऱ्या पेशंटवर येतो. पण इथे मोडलं काहीच नाही, कारण कमी केलेला डोस रसाच्या भरवशावर होता आणि रस गेला. सुरू करताना जेवढं सांगायचं, तेवढंच बंद करतानाही सांगायचं.

पोटातच अडवणूक होते तेव्हा

वरच्या उदाहरणात दोन गोष्टी एकाच आकड्यावर काम करत होत्या. कधी भानगड त्याच्या आधीच, पोटात होते. औषध रक्तात पोचतच नाही.

थायरॉइडची गोळी, म्हणजे लिव्होथायरॉक्सिन, याचं नेहमीचं उदाहरण. तिचा डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो, 25, 50, 75. इतक्या बारीक मात्रेतली थोडी जरी अडली तरी टीएसएच, म्हणजे गोळी कमी पडतेय हे सांगणारा रक्ततपासणीतला आकडा, वर सरकतो. ही गोळी सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि मग अर्धा ते एक तास काही खायचं नाही. पण अनेक घरांत उठल्या उठल्या भिजवलेली मेथी, आवळ्याचा रस किंवा पोट साफ व्हावं म्हणून इसबगोल घेतात आणि त्यातच गोळीही उरकतात. इसबगोल आणि मेथी पाण्यात बुळबुळीत होतात, तो बुळबुळीतपणा म्हणजे विरघळणारे तंतू. त्यात गोळीचा काही भाग अडकून राहतो. डॉक्टर टीएसएच पाहून 50 ची 75 करतात. पुढे कधी इसबगोल सुटलं की तीच 75 जास्त होते, छाती धडधडते, वजन उतरतं.

याला औषध सोडायची गरज नाही, घड्याळ पुरतं. थायरॉइडची गोळी पहाटे, इसबगोल रात्री झोपताना पेलाभर पाण्याबरोबर. कॅल्शियम, लोह किंवा शंखभस्म, प्रवाळ यांसारखी कॅल्शियमयुक्त औषधं असतील तर थायरॉइडच्या गोळीपासून किमान चार तास दूर. इतर गोळ्यांसाठीही साधा नेम: गोळी आधी, इसबगोल निदान दोन तासांनी. हृदयासाठी डिगॉक्सिन, मानसिक आजारासाठी लिथियम किंवा फिट्ससाठी कार्बामाझेपिन चालू असेल तर हे अंतर काटेकोर पाळावं, कारण या औषधांत थोडा फरकही महागात पडतो.

यकृताच्या दारात

बहुतेक औषधं यकृतात मोडली जातात. काही वनस्पती ही मोडणी हळू करतात, मग औषध रक्तात साठतं. काही ती भरभर करतात किंवा औषध शोषलंच जाऊ देत नाहीत, मग डोस घेऊनही कमी पडतो.

पहिल्या प्रकाराचं उत्तम उदाहरण आपल्याच देशातलं आहे. मिरी आणि पिंपळीत पायपरीन असतं. जम्मूच्या सरकारी प्रयोगशाळेने त्याचा उपयोग चक्क क्षयाच्या औषधासाठी केला. नेहमीच्या 450 मिलिग्रॅम रिफॅम्पिसिनऐवजी 200 मिलिग्रॅमसोबत 10 मिलिग्रॅम पायपरीन दिलं की रक्तात पुरेसं औषध पोचतं, असं दाखवून तशी कॅप्सूल 2009 मध्ये बाजारात आली. शास्त्रज्ञांनी मोजूनमापून केलं तेव्हा हा फायदा होता. हेच कोणी न मोजता केलं, म्हणजे फिट्ससाठी फेनिटॉइन किंवा दम्यासाठी थिओफायलिन घेणाऱ्याने रोज हळद-मिरीच्या जोरकस कॅप्सूल सुरू केल्या, तर त्या औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढू शकतं. फेनिटॉइन वाढलं की चालताना तोल जातो, डोळ्यांची बुबुळं आपोआप हलतात, बोलणं जड होतं. आमटीतल्या चार मिऱ्यांची इथे चिंता नाही. एकाग्र करून कॅप्सूलमध्ये भरलेल्या अर्काची आहे.

उलट बाजूचं उदाहरण मुंबईचं आहे. फिट्सचे दोन रुग्ण फेनिटॉइनवर स्थिर होते, अचानक फिट्स पुन्हा येऊ लागल्या आणि रक्तातलं फेनिटॉइन घसरलेलं निघालं. दोघेही शंखपुष्पीचं औषध घेत होते. मुंबईच्या संशोधकांनी मग उंदरांवर तपासलं, तेव्हा शंखपुष्पी दिल्यावर फेनिटॉइनचं प्रमाण आणि परिणाम दोन्ही कमी होताना दिसले. हे 1992 मध्ये प्रसिद्ध झालं. स्मरणशक्तीसाठी शंखपुष्पीचं सिरप मुलांना आजही सर्रास देतात. ज्या मुलाला फिट्सचं औषध चालू आहे, त्याला ते डॉक्टरांना न विचारता देऊ नये. अशा मुलाला परीक्षेच्या दिवसांत फिट आली, तर घरात कोणते नवे सिरप आणले आहे हे तपासणं जागरणाला दोष देण्याआधी करावं.

गुळवेलीबद्दल इथेच सांगायला हवं. 2020 च्या कोविडकाळात तिचे काढे घरोघरी झाले. 2021 मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली, नंतर देशातल्या इतर केंद्रांतूनही असे रुग्ण नोंदले गेले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला आणि गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीशी गल्लत होण्याचा मुद्दा मांडला. वाद असला तरी व्यवहारात अर्थ एकच निघतो. ज्यांना थायरॉइड किंवा संधिवातासारखा स्वतःच्याच प्रतिकारशक्तीमुळे होणारा आजार आहे, ज्यांचं यकृत आधीच नाजूक आहे, किंवा जे क्षयाच्या औषधांवर आहेत, त्यांनी रोजची गुळवेल डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नये. लघवी चहासारखी गडद, डोळे पिवळे, अंगाला खाज, अन्नावरची वासना उडणं, यातलं काही दिसलं तर काढा त्या दिवशीच बंद आणि यकृताची तपासणी.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या

हृदयाची झडप बदललेल्या किंवा ठोके अनियमित असलेल्या पेशंटना वॉरफरिन किंवा असेनोकुमॅरॉल देतात आणि आयएनआर नावाच्या तपासणीने ते सांभाळतात. बहुतेकांचा आयएनआर 2 ते 3 मध्ये ठेवायचा असतो. झडपेच्या काही पेशंटमध्ये थोडा वर. खाली आला तर गुठळी, फार वर गेला तर रक्तस्राव. इतक्या अरुंद पट्ट्यात राहायचं असल्याने इथे कोणताही नवा पदार्थ जड ठरतो. न्यूझीलंडच्या औषध नियंत्रकांनी 2018 मध्ये वॉरफरिनवर स्थिर असलेल्या एका रुग्णाची नोंद जाहीर केली: हळदीचं तयार उत्पादन सुरू केल्यावर काही आठवड्यांत आयएनआर 10 च्या वर. लसणाच्या कॅप्सूल, आल्याचा अर्क, गिंको या परदेशी झाडाच्या पानांचा अर्क यांच्याबाबतही सावध राहावं. भाजी-आमटीतली हळद आणि लसूण नेहमीच्या प्रमाणात चालतात. पालेभाज्याही चालतात, फक्त एका आठवड्यात रोज पालक आणि पुढच्यात अजिबात नाही असं नको, कारण त्यातलं व्हिटॅमिन के गोळीच्या विरुद्ध काम करतं. नवं काही सुरू किंवा बंद केलं, तर आठवड्याच्या आत आयएनआर करून घ्यावं.

बिनलेबलची पुडी

सांधेदुखीची किंवा "साखर मुळापासून घालवणारी" पुडी हा प्रकार वेगळा. हिच्यात वनस्पती किती हा प्रश्नच नाही, कारण तपासण्यांमध्ये अशा पुड्यांत स्टिरॉइड, वेदनाशामक आणि ग्लिबेनक्लामाइडसारखी मधुमेहाची ॲलोपॅथिक औषधं मिसळलेली आढळली आहेत. ओळख अशी: तीन दिवसांत गुडघा बरा होतो. मग भूक वाढते, चेहरा गोल होतो, साखर आणि प्रेशर चढतं. असं लक्षात आलं तर पुडी एकदम टाकून देऊ नका. महिनोन्महिने स्टिरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं. अचानक बंद केल्यास प्रेशर कोसळणं, उलट्या, चक्कर, बेशुद्धी येऊ शकते. पुडी घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, ती हळूहळू कशी सोडवायची ते त्यांना ठरवू द्या.

डॉक्टरांना नेमकं काय सांगायचं

"आयुर्वेदिक घेतो" एवढ्याने डॉक्टरांच्या हाती काहीच लागत नाही. त्यांना डोस लागतो. म्हणून तपासणीच्या आदल्या दिवशी एक कागद घ्या आणि बरण्या, बाटल्या समोर ठेवून लिहा. नाव काय आणि झाडाचा कोणता भाग, मूळ, पान की बी. रूप कोणतं: पूड, रस, काढा, आसव-अरिष्ट की कॅप्सूल. कारण कॅप्सूलमधला अर्क हा पुडीपेक्षा कितीतरी तीव्र असू शकतो, आणि आसव-अरिष्टांत थोडं अल्कोहोल असतं. किती घेता ते "थोडंसं" असं न लिहिता चमचा, पेला यांत लिहा. किती वाजता, आणि गोळीच्या आधी की नंतर. कधीपासून. आणि कोणी दिलं: वैद्यांनी, दुकानातून, नातेवाइकांनी की मोबाइलवरच्या मेसेजवरून.

वरच्या पेशंटची चिठ्ठी अशी झाली असती:

कारलं-जांभूळ रस, ताजा, अर्धा पेला, सकाळी 6.30, गोळीच्या दीड तास आधी, 5 डिसेंबरपासून, मित्राच्या सांगण्यावरून.
काढा, गुळवेल + सुंठ + मिरी + ज्येष्ठमध पूड 1 चमचा, दिवसातून दोनदा, 8 डिसेंबरपासून, घरी.
त्रास: आठवड्यातून दोन-तीनदा सकाळी 11.30 ला घाम व थरथर, खाल्ल्यावर बरं.

या तीन ओळी वाचायला डॉक्टरांना अर्धं मिनिट लागतं. शेवटची ओळ सर्वांत मोलाची, कारण तीत वेळ आहे. शक्य असेल तर बाटल्यांच्या लेबलचे फोटो न्या, घटकांची यादी वाचता येईल असे. रोज प्रेशर मोजत असाल तर तपासणीआधीचे सात दिवस सकाळ-संध्याकाळचे आकडे, आणि ग्लुकोमीटर असेल तर उपाशीपोटी, दुपारच्या जेवणाआधी आणि एखाद्या दिवशी पहाटे तीनचा आकडा लिहून न्या.

मग सरळ विचारा: माझ्या कोणत्या गोळीशी हे भिडतं? चालू ठेवायचं तर कोणती तपासणी कधी करायची? बंद करायचं तर एकदम की हळूहळू? डॉक्टर "सगळं बंद करा" एवढंच म्हणाले, तर कोणत्या गोळीमुळे ते विचारायला संकोचू नका. उलट दिशाही लक्षात ठेवा. वैद्यांकडे जाताना ॲलोपॅथिक गोळ्यांची नावं, डोस आणि ताजे रिपोर्ट घेऊन जा. चांगला वैद्य ते पाहिल्याशिवाय मात्रा ठरवणार नाही. स्वतःच्या मनाने मात्र डॉक्टरांची गोळी सोडून चूर्णावर राहू नका. साखर खूप वाढली तर काही दिवसांत जाणवू शकतं, पण प्रेशर वाढलेलं बहुतेकांना कळतच नाही.

नवं काही सुरू करायचंच असेल तर एका वेळी एकच, कमी प्रमाणात, आणि पहिले दोन आठवडे आकड्यांवर लक्ष ठेवून. तीन गोष्टी एकत्र सुरू केल्या तर त्रास कशाने झाला हे कुणालाच सांगता येत नाही.

हायपोची शंका आली आणि माणूस शुद्धीत असेल तर तीन छोटे चमचे साखर पाण्यात ढवळून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, 70 च्या खालीच असेल तर पुन्हा द्या, आणि मग पोळी किंवा भात खायला द्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना. ग्लिमेपिराइडचा परिणाम दिवसभर टिकतो, त्यामुळे एकदा सावरल्यावरही साखर काही तासांनी पुन्हा उतरू शकते. वयस्कर माणसाला त्या रात्री एकटं झोपू देऊ नका.

एखाद्या औषधाचा, मग ते कोणत्याही पॅथीचं असो, दुष्परिणाम झाला असं वाटलं तर सरकारच्या औषध-सुरक्षा कार्यक्रमाच्या 1800-180-3024 या मोफत क्रमांकावर तो नोंदवता येतो. फोन करताना औषधाचं नाव आणि बाटलीवरचा बॅच नंबर जवळ ठेवा.

आणि ऑपरेशन ठरलं असेल, अगदी दात काढायचा असला तरी, ही चिठ्ठी सर्जन आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना तारीख ठरतानाच द्या. लसूण, हळद, आलं, गिंको यांच्या कॅप्सूल साधारण दोन आठवडे आधी थांबवायला सांगतात, म्हणून आदल्या रात्री सांगून उपयोग नसतो. रक्त पातळ करणारी गोळी मात्र स्वतःहून थांबवायची नाही. ती कधी थांबवायची आणि कधी पुन्हा सुरू करायची ते तेच लिहून देतील.